खोली ३१२: सोड्याच्या मागणीपासून रुग्णवाहिकेपर्यंत

हॉटेलात पाहुण्याची तब्येत अचानक बिघडली की कोणी काय करायचं, हे बहुतेक मोठ्या हॉटेलांत लिहिलेलं असतं. ते इंग्रजीत असतं, व्यवस्थापकाच्या खोलीतल्या फायलीत असतं, आणि रात्री बारा वाजता पाहुण्याच्या दारात उभ्या असलेल्या रूम सर्व्हिसच्या मुलाला त्याचा काडीचा उपयोग नसतो. हॉटेलच्या कर्मचाऱ्यांना शिकवताना मी पुढचं प्रकरण वापरतो. ते एकाच हॉटेलचं नाही. निरनिराळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टी एका रात्रीत बसवून ते मांडलं आहे. त्यातली प्रत्येक चूक मात्र आजही कुठेतरी होते आहे.

ठिकाण महाबळेश्वर, मे महिन्यातली शनिवारची रात्र. तीन मजल्यांचं हॉटेल, सगळ्या खोल्या भरलेल्या. रात्रपाळीला रिसेप्शनवर एक मुलगी, रूम सर्व्हिसला एक मुलगा, फाटकावर एक वॉचमन, आणि मागच्या क्वार्टरमध्ये झोपलेले ड्यूटी मॅनेजर. मागच्या इमारतीतल्या ३१२ नंबरच्या खोलीत साठी ओलांडलेलं एक जोडपं उतरलं आहे. गृहस्थांना मधुमेह आहे.

११ वाजून ३८ मिनिटांनी बाईंचा रिसेप्शनला फोन येतो. "अहो, ह्यांच्या छातीत जळजळतंय जरा. सोडा मिळेल का? की पित्ताची गोळी आहे तुमच्याकडे?" रिसेप्शनवरची मुलगी म्हणते, "पाठवते काकू लगेच." ११:४४ ला मुलगा सोडा घेऊन वर जातो. गृहस्थ पलंगाच्या कडेला बसलेले, हात छातीवर, बनियन घामाने भिजलेलं. महाबळेश्वरच्या रात्रीच्या गारव्यात. मुलाला काहीतरी बरोबर नाही हे कळतं. "काका, डॉक्टर बोलवू का?" तो विचारतो. गृहस्थ हाताने नको म्हणतात. तो "साहेबांना सांगतो" म्हणून खाली धावतो.

११:४९ ला मुलगी ड्यूटी मॅनेजरना उठवते. ते सांगतात, "आपल्या डॉक्टरांना फोन लाव, मी येतो." डॉक्टरांचा फोन दोनदा लागत नाही. ११:५६ च्या सुमारास गृहस्थ उठायला जातात आणि पलंगाशेजारी कोसळतात. बाई घाबरून कॉरिडॉरमध्ये धावतात, ओरडतात, आणि मागे दार आपोआप बंद होतं. चावीचं कार्ड आत, भिंतीवरच्या खाचेत. मास्टर की खाली रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये. मॅनेजर ती घेऊन वर येईपर्यंत १२ वाजतात. आत गृहस्थ जमिनीवर आहेत आणि घशातून घोरल्यासारखा आवाज येतो आहे, थांबून थांबून. "श्वास चालू आहे," कोणीतरी म्हणतं. तोंडावर पाणी शिंपडतात, तळपाय चोळतात.

१०८ ला फोन होतो १२:०१ वाजता, रिसेप्शनवरून. पलीकडून विचारतात, पेशंट शुद्धीवर आहे का, श्वास कसा आहे. मुलीला माहीत नाही, ती खोलीत नाही. १२:०४ ला शेजारच्या खोलीतल्या एक परिचारिका आवाज ऐकून येतात, गृहस्थांकडे एकदा बघतात आणि छाती दाबायला सुरुवात करतात. रुग्णवाहिका १२:२० ला फाटकाशी पोहोचते, पण स्ट्रेचर खोलीत येतं १२:२७ ला. गृहस्थ वाचत नाहीत. रुग्णालयातले डॉक्टर त्यांना मृत घोषित करतात.

वेळ कुठे गेला ते नीट पाहिलं तर रस्त्यावर तो कमीच गेला. हॉटेलच्या आत जास्त गेला. पहिल्या फोनपासून १०८ पर्यंत २३ मिनिटं. कोसळल्यापासून छातीवर पहिला दाब पडेपर्यंत ८ मिनिटं. फाटकापासून खोलीपर्यंत ७ मिनिटं. हृदय थांबल्यावर छाती दाबणारं कोणी नसेल, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. ती आठ मिनिटं या आकड्याशेजारी ठेवून वाचावीत.

पहिला फोन

या हॉटेलातही नियमावली होती. तिच्यात क्रम असा होता: कर्मचाऱ्याने ड्यूटी मॅनेजरना कळवावं, त्यांनी हॉटेलच्या डॉक्टरांना बोलवावं, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने रुग्णवाहिका मागवावी. कागदावर हे शिस्तीचं दिसतं. प्रत्यक्षात या साखळीतला प्रत्येक माणूस झोपलेला असू शकतो, आणि सगळ्यात गरजेची गोष्ट सगळ्यात शेवटी येते. माझं ठाम मत आहे की रुग्णवाहिका बोलावण्यासाठी परवानगी लागता कामा नये. सर्वांत नव्या, सर्वांत कमी पगाराच्या मुलालाही तो अधिकार असला पाहिजे, आणि रुग्णवाहिका येऊन रिकामी परत गेली तरी त्याला कोणी बोलणार नाही हे मालकाच्या सहीने लिहिलेलं असलं पाहिजे. ती सही नसेल तर सूचनांच्या कार्डावर काहीही लिहा, मुलगा आधी साहेबांनाच शोधायला जाणार. नोकरी त्याला हवी असते.

म्हणून रिसेप्शनच्या फोनजवळ लावायच्या कार्डाचा मजकूर असा केला:

"पाहुणा किंवा सोबतचा माणूस तब्येतीबद्दल काहीही बोलला, तर आधी विचारा: घाम येतोय का? दम लागतोय का? दुखणं हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जातंय का? एकालाही 'हो' आलं, तर लगेच १०८ लावा. साहेबांना त्यानंतर कळवा."

छातीतली जळजळ पित्ताचीही असते, आणि बहुतेक वेळा तीच असते. तीन प्रश्न त्यासाठीच आहेत. मधुमेही माणसाला हृदयविकाराच्या झटक्यात कधी कधी छातीत फारसं दुखतही नाही. नुसता घाम, दम, गळून गेल्यासारखं वाटणं, एवढंच दिसू शकतं. रिसेप्शनवरच्या मुलीने निदान करायचं नाही. तिने तीन प्रश्न विचारायचे आणि फोन लावायचा. या प्रकरणात पहिल्याच प्रश्नाला 'हो' आलं असतं, म्हणजे ११:४० च्या आत १०८ ला फोन गेला असता, गृहस्थ शुद्धीवर असताना.

फोनबद्दल दोन बारीक गोष्टी. बऱ्याच हॉटेलांत बाहेरचा नंबर लावायला आधी शून्य किंवा नऊ दाबावा लागतो, आणि खोल्यांमधले फोन तर बाहेर लागतच नाहीत. घाबरलेला माणूस नुसतं १०८ दाबतो आणि फोन लागत नाही म्हणून ठेवून देतो. कार्डावर तुमच्या यंत्रावर दाबायचे नेमके आकडे मोठ्या अक्षरात छापा, आणि १०८ लागला नाही तर ११२, हेही. दुसरं, डोंगरावर मोबाइलची रेंज खोलीत असते आणि कॉरिडॉरमध्ये जाते, किंवा उलट. रेंज असेल तर फोन पेशंटजवळून, स्पीकरवर ठेवून करावा, म्हणजे पलीकडचे लोक जे विचारतील आणि ज्या सूचना देतील, ते थेट ऐकू येईल. रेंज नसेल तर रिसेप्शनच्या लँडलाइनवरून करावा आणि खोलीतल्या माणसाशी इंटरकॉम किंवा वॉकीटॉकी चालू ठेवावी.

पत्ताही छापून ठेवावा, बोलायच्या क्रमाने: गाव, रस्ता, जवळची ओळखीची खूण, हॉटेलचं पूर्ण नाव, कोणतं फाटक. एकाच नावाशी मिळतीजुळती तीन हॉटेलं थंड हवेच्या ठिकाणी हमखास असतात.

खोलीत पोहोचलेला पहिला माणूस

सोडा घेऊन गेलेल्या मुलाची नजर बरोबर होती. त्याला घाम दिसला, शंका आली. त्याच्याकडे फक्त एक सूचना नव्हती: तिथून हलायचं नाही. त्याच्या कार्डावरच्या ओळी अशा:

"पाहुण्याला एकटं सोडू नका. दार पूर्ण उघडा आणि अडकवून ठेवा. खोलीतल्या फोनवरून रिसेप्शनला सांगा: खोली नंबर, माणूस बोलतोय की नाही, घाम, दम. मग पाहुण्याजवळ थांबा."

दाराची ओळ हॉटेलबाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. घराचं दार उघडं टाकलं की उघडं राहतं, हॉटेलचं दार स्वतःहून मिटतं आणि कुलूप लागतं. खुर्ची, चप्पल, जाडजूड टॉवेलची गुंडाळी, जे हाताशी येईल ते दारात घालायचं. रात्रपाळीत मास्टर की कुठे असते आणि आतून बोल्ट लावलेला असला तर तो कोणत्या चावीने उघडतो, हे रात्रीच्या प्रत्येक माणसाला हातात चावी देऊन दाखवलेलं असावं. बोल्टवर साधी मास्टर की चालत नाही अशी कुलपं बरीच आहेत. त्यासाठी वेगळी आपत्कालीन चावी असते आणि ती बहुतेक वेळा मॅनेजरकडेच असते. रात्री ती रिसेप्शनवर सहीने ठेवून जावी.

पाहुणा शुद्धीवर असेल तर त्याला चालू द्यायचं नाही, बाथरूमपर्यंतही नाही. जमिनीवर किंवा पलंगावर पाठीला उशा देऊन, गुडघे मोडून अर्धवट बसतं करायचं, गळ्याजवळचे कपडे सैल करायचे. खायला-प्यायला काही द्यायचं नाही. औषधाबाबत नियम एकच असावा: हॉटेलच्या पेटीतलं कोणतंही औषध कर्मचाऱ्याने स्वतःच्या मनाने द्यायचं नाही. अ‍ॅस्पिरिन चावायला द्या, असं १०८ वरून सांगितलं तर ते द्यावं. पाहुण्याकडे त्याच्या डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी असेल तर ती त्याने स्वतः घ्यावी. कोणीतरी प्रेमाने आपल्या खिशातली सॉर्बिट्रेट पुढे करतो. रक्तदाब आधीच उतरलेल्या माणसाला तीच गोळी आडवं करू शकते.

घोरण्याचा आवाज

या प्रकरणातली सर्वांत महागात पडलेली चूक हीच. हृदय थांबल्यावर पहिली काही मिनिटं माणूस आचके दिल्यासारखा, घोरल्यासारखा आवाज करू शकतो. तो श्वास नसतो. त्याने फुप्फुसात पुरेशी हवा जात नाही. पण बघणाऱ्याला वाटतं, चाललंय की. मग वारा घालणं, पाणी शिंपडणं, चप्पल किंवा कांदा हुंगवणं सुरू होतं आणि मिनिटं जातात.

जुन्या नियमावलीचा कोणीतरी मराठी अनुवाद करून घेतला होता. त्यात या टप्प्यावर वाक्य होतं: "प्रतिसादशून्य अतिथीची जीवनावश्यक चिन्हे तपासून यथोचित उपाययोजना करावी." हे वाचून कोणाचाही हात पुढे येणार नाही. काय बघायचं आणि हातांनी काय करायचं, एवढंच कार्डावर हवं:

"मोठ्याने हाक मारा, दोन्ही खांदे हलवा. डोळे उघडत नाही? छातीकडे बघा आणि मनात दहापर्यंत मोजा. छाती नेहमीसारखी वर-खाली होत नसेल, किंवा थांबून थांबून आचके, घोरणं असेल, तर हृदय थांबलं असं समजा. छाती दाबायला लागा."

नाडी बघा असं मुद्दाम लिहिलेलं नाही. शिकलेल्या माणसालाही घाईत ती सापडत नाही आणि स्वतःच्याच बोटातली नाडी लागते.

छाती दाबण्याची रीत थोडक्यात अशी. माणूस जमिनीवर पाठीवर हवा. हॉटेलची गादी जाड आणि मऊ असते, दाब गादीतच जिरतो. पलंगावर असेल तर चादरीसकट दोघांनी खाली घ्यावं. तळहाताची टाच छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, दुसरा हात त्यावर, कोपरं ताठ. ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण थकलेल्याचा दाब उथळ होतो आणि ते त्याला स्वतःला कळत नाही. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबायचं नाही. पाहुण्याने हात हलवला, डोळे उघडले, नीट श्वास घेतला तरच थांबायचं.

तोंडाने श्वास द्यायचा का, हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो, आणि त्या संकोचापायी लोक मुळात पुढेच होत नाहीत. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने सामान्य नागरिकांसाठी सांगितलेल्या पद्धतीत फक्त छाती दाबायची असते. मोठ्या माणसाचं हृदय अचानक थांबलं तर हॉटेलच्या कर्मचाऱ्याने एवढं केलं तरी पुष्कळ आहे. स्विमिंग पूलमधून काढलेला माणूस आणि लहान मूल यांची गोष्ट वेगळी. तिथे श्वास देणंही लागतं, म्हणून पूल असलेल्या हॉटेलने जीवरक्षकाला पूर्ण प्रशिक्षण द्यावं.

हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, ज्याला एईडी म्हणतात, ते हॉटेलात असेल तर रिसेप्शनजवळ उघड्या जागी ठेवावं. कुलूपबंद केबिनमध्ये ठेवलं तर रात्री ते नसल्यात जमा. ते चालू केलं की स्वतः बोलून सूचना देतं. त्याच्या बॅटरीची आणि छातीला लावायच्या पॅडची मुदत संपते, ती तारीख दर महिन्याला कोणी बघायची त्याचं नाव कार्डावर असावं.

गाडीत घालून न्यायचं का?

डोंगरावरच्या हॉटेलात हा मोह फार मोठा असतो. हॉटेलची गाडी दारात असते, पाहुण्याचे नातेवाईक "चला, घाला गाडीत" म्हणून मागे लागतात. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, पण हृदयाची रक्तवाहिनी उघडण्याची सोय हवी तर पाचगणी ओलांडून पसरणीचा घाट उतरून वाई आणि पुढे साताऱ्याकडे जावं लागतं. पाहुणा शुद्धीवर असेल आणि रुग्णवाहिकेला फार वेळ लागेल असं १०८ वरूनच कळलं, तर त्यांना विचारून, ते सांगतील त्या रुग्णालयात गाडीने नेणं योग्य ठरू शकतं. पण हृदय थांबलं असेल तर हलवायचं नाही. धावत्या गाडीच्या मागच्या सीटवर नीट छाती दाबता येत नाही, आणि पेशंटला जिन्यावरून उतरवताना जेवढा वेळ हात थांबतात तेवढा वेळ मेंदूला रक्त जात नाही.

फाटक ते खोली

ही सात मिनिटं कोणाच्याच खात्यात नव्हती, म्हणून गेली. ड्राइव्ह-वेमध्ये पाहुण्यांच्या गाड्या लावलेल्या होत्या. वॉचमनला रुग्णवाहिका कोणासाठी आली ते माहीत नव्हतं. पाहुण्यांच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं बसलं नाही, सामानाची मोठी लिफ्ट रात्री बंद ठेवलेली होती, आणि मागच्या इमारतीच्या वाटेवर पायऱ्या होत्या.

वॉचमनचं कार्ड सगळ्यात लहान आहे आणि त्याच्या चौकीतच चिकटवलेलं असावं: "फाटक पूर्ण उघडा. वाटेतल्या गाड्या काढा. टॉर्च घेऊन रस्त्यावर उभे राहा. रुग्णवाहिकेतल्या लोकांना स्वतः घेऊन खोलीपर्यंत जा." वॉचमन खोलीकडे निघाला की फाटक उघडंच राहतं, त्याची त्या रात्री काळजी करू नये. सामानाची लिफ्ट चालू करून तळमजल्यावर धरून ठेवणं हे रूम सर्व्हिसच्या माणसाचं काम. ती नसेल तर स्ट्रेचर कोणत्या जिन्याने वळतं हे आधीच एकदा रिकामं स्ट्रेचर नेऊन बघितलेलं असावं. स्थानिक रुग्णवाहिकेच्या चालकाला चहाला बोलवून ही वाट दाखवली, तर तो आनंदाने बघून जातो.

बाई

पेशंटच्या भोवती पाच माणसं असतात आणि त्याच्या बायकोजवळ एकही नसतं. या प्रकरणात बाई पंचवीस मिनिटं कॉरिडॉरमध्ये अनवाणी उभ्या होत्या. एका कर्मचाऱ्याने, शक्य तर महिला कर्मचाऱ्याने, फक्त त्यांच्यासोबत राहायचं. त्यांच्याकडून चालू औषधांची नावं, मधुमेह-रक्तदाब, आधीचे आजार विचारून चिठ्ठीवर लिहून रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना द्यायची. गोळ्यांची पिशवी, आधार कार्ड, मोबाइल आणि चार्जर, चष्मा, शाल बरोबर द्यायची. मुलांना फोन लावून द्यायचा. रुग्णालयात त्यांच्यासोबत हॉटेलचा एक माणूस जायलाच हवा, परक्या गावात मध्यरात्री त्या एकट्या असतात. आणि काही झालं तरी "गेले" हा शब्द कर्मचाऱ्याने उच्चारायचा नाही. ते सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे.

खोली बंद करून ठेवायची. हाउसकीपिंगने चादर बदलायची नाही, ग्लास उचलायचा नाही. मृत्यू झाल्यास पोलीस विचारायला येतात आणि ते सांगेपर्यंत खोली आहे तशी राहते. सामान आवरायची वेळ येईल तेव्हा घरच्यांसमोर, नाहीतर दोन कर्मचाऱ्यांनी मिळून, यादी करून सही घेऊन आवरायचं. बिलाचा विषय त्या रात्री कोणीही काढायचा नाही. इतर पाहुण्यांनी विचारलं तर "एका पाहुण्यांना बरं वाटत नव्हतं, त्यांना रुग्णालयात नेलं आहे," एवढंच उत्तर द्यायचं. खोली नंबर नाही, नाव नाही, आणि मोबाइलवर फोटो तर मुळीच नाही.

नोंदवहीत जे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच वेळेसकट लिहावं. "हार्ट अ‍ॅटॅक आला" असं लिहू नये. "११:३८, छातीत जळजळ होते असं पत्नीने सांगितलं. ११:४४, अंगावर घाम दिसला," असं लिहावं. तीच नोंद पुढे डॉक्टरांना, पोलिसांना आणि घरच्यांना उपयोगी पडते, आणि कोणत्या पायरीला किती मिनिटं गेली हेही त्यातूनच कळतं.

सराव रात्री अकरानंतर घ्यावा. दुपारी सगळे हजर असतात, लिफ्ट चालू असते, व्यवस्थापक जागे असतात, त्यामुळे दुपारच्या सरावात काहीच बिघडत नाही. मागच्या इमारतीतल्या वरच्या मजल्यावर एका सहकाऱ्याला झोपवावं, रिसेप्शनला फोन करून सोडा मागावा, आणि घड्याळ लावावं. १०८ चा फोन लावल्याचं सांगण्यापर्यंत दोन मिनिटं आणि छातीवर हात ठेवेपर्यंत तीन मिनिटं, यापेक्षा जास्त वेळ लागला तर कोणत्या कार्डावरची कोणती ओळ पाळली गेली नाही ते तिथेच, त्याच लोकांसोबत शोधावं. ज्या सहकाऱ्यांना मराठी वाचता येत नाही, नेपाळचे किंवा बिहारचे मुलगे असतील, त्यांच्याकडून सगळ्या ओळी तोंडी म्हणवून घ्याव्यात. हंगामात माणसं बदलत राहतात, म्हणून नवा माणूस रात्रपाळीला लागेल त्याच आठवड्यात सराव पुन्हा घ्यावा.